वर्गात कुणाचं चालतं?
शाळेतली वजनदारांची उतरंड : वर्गशिक्षक आणि पालकांसाठी

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पोळ्यापर्यंत प्रत्येक वर्गात एक गोष्ट पक्की झालेली असते. ती हजेरीपटावर नसते, प्रगतिपुस्तकातही नसते. पण वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो क्षणात सांगतो. "त्या चौघांचंच चालते वर्गात." कोण मागच्या बेंचवर बसणार, कोणाच्या विनोदावर सगळ्यांनी हसायचं, कोणाला टोपणनाव चिकटवायचं आणि कोणाला ग्रुपमध्ये घ्यायचं, हे त्या चौघा-पाचांच्या हातात असतं.

तिवस्यासारख्या तालुक्याच्या गावी हे मोठ्या शहरापेक्षा जास्त ठळक दिसतं. शहरात श्रीमंतांची शाळा वेगळी आणि गरिबांची वेगळी. इथे कृषी केंद्रवाल्याचा मुलगा, सरकारी नोकरदाराची मुलगी, दोन एकर कोरडवाहू सोयाबीनवर घर चालवणाऱ्याचा पोट्टा आणि शेतमजुराची पोट्टी एकाच वर्गात बसतात. गणवेश एक असतो, म्हणून फरक बाकीच्या गोष्टींतून दाखवला जातो : बूट, केसांचा कट, हातातलं घड्याळ, शाळेबाहेर उभी केलेली गाडी.

दिसणं, खेळ आणि पैसा या तीन गोष्टी मिळून आतलं वर्तुळ कसं ठरवतात आणि त्यात शाळेच्या हातात नेमकं काय असतं, ते इथे पाहू. उतरंड मोडून काढता येत नाही. चाळीस मुलं एकत्र आली की ती तयार होणारच. पण सगळा मान त्याच पाच जणांकडे जाऊ नये, एवढं शाळा नक्की करू शकते.

आवडता वेगळा, वजनदार वेगळा

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्याचं वर्गात चालतं तो मुलगा वर्गाला आवडतोच असं नाही. मुलांच्या मैत्रीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत हे दोन प्रकार वेगळे काढले आहेत. एक म्हणजे ज्याच्याजवळ बसायला, ज्याच्यासोबत डबा खायला मुलांना मनापासून आवडतं तो. दुसरा म्हणजे ज्याला सगळे 'वजनदार' म्हणून ओळखतात तो. काही मुलं दोन्हींत असतात, पण बरीचशी एकातच असतात. शिक्षकांच्या डोळ्यांना दुसराच दिसतो, कारण तो आवाज करतो, पुढे येतो, कामाला उपयोगी पडतो. म्हणून मॉनिटरही तोच होतो.

हे वजन येतं कुठून? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कुलांतल्या मुलांना साधारण हाच प्रश्न विचारला होता : इथल्या पुढच्या फळीत यायला काय लागतं? त्यांचं पुस्तक १९६१ साली आलं. मुलांच्या उत्तरात खेळ फार वर होता, मुलींच्या उत्तरात दिसणं आणि कपडे; अभ्यास दोन्हीकडे मागे होता. त्यांनी दिलेलं कारण आजही उपयोगी आहे. खेळाडू जिंकतो तेव्हा सगळी शाळा जिंकते, म्हणून सगळे त्याला खांद्यावर घेतात. पहिला नंबर काढणारा मात्र एकटा जिंकतो आणि जिंकताना बाकीच्यांना मागे ढकलतो. मग त्याला कोण खांद्यावर घेणार?

अमरावती जिल्ह्यात खेळाचा हा मान आणखी जुना आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून आहे आणि १९३६च्या ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. कबड्डीत तालुका जिंकून आलेल्या पोराचं नाव प्रार्थनेच्या वेळी माइकवरून घेतलं जातं, हे योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की त्या संघात जाण्याची संधी कोणाकोणाला मिळते.

तीन गोष्टी एकत्र कशा येतात

दिसणं, खेळ आणि पैसा यांतली एकच गोष्ट असली तर ती फार काळ पुरत नाही. नुसता पैसेवाला 'फुकट भाव खाते' म्हणून चिडवला जातो. नुसता चांगला धावणारा स्पर्धेच्या आठवड्यापुरता हिरो असतो. वर्तुळ पक्कं होतं ते एक गोष्ट दुसरीत बदलता येते म्हणून, आणि हा बदल कुठे होतो ते ओळखणं हेच वर्गशिक्षकाचं खरं काम.

संघाच्या सरावाची वेळ घ्या. बहुतेक शाळांत सराव शाळा सुटल्यावर असतो. त्याच वेळी कुऱ्हा, कौंडण्यपूर, मार्डीकडे जाणारी मुलं स्टँडवर एसटीसाठी धावत असतात. ती गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते. म्हणजे मैदानावर थांबू शकतो तो तिवस्यात राहणारा, किंवा ज्याच्याकडे गाडी आहे, किंवा ज्याला घ्यायला कोणी येतं तो. कोणी कोणाला वगळलेलं नसतं. फक्त वेळ अशी धरली, की निवड होण्याआधीच अर्धा वर्ग बाहेर पडला. क्रिकेट असेल तर बॅट आणि बूट घरून आणावे लागतात, तेव्हा आणखी काही जण गळतात.

त्यात वयाचा हिशेब येतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात आणि वय मोजताना १ जानेवारी ही तारीख धरतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा खेळतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत उंची आणि ताकद यांचा मोठा फरक पडतो. मोठा दिसतो तो निवडला जातो, निवडला म्हणून त्याला सराव मिळतो, सराव मिळाला म्हणून तो खरोखरच चांगला होतो. कॅनडातल्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा पाहून १९८०च्या दशकात संशोधकांनी हेच दाखवलं होतं. आपल्याकडे शिक्षक म्हणतात, "त्याच्यात उपजतच आहे." बऱ्याचदा त्याच्यात फक्त सात-आठ महिने जास्तीचे असतात.

आता दिसणं. ते आपण देवाचं देणं समजतो, पण शाळेत ज्याला 'दिसायला भारी' म्हणतात त्यातलं बरंचसं विकत मिळतं : इस्त्रीचा गणवेश, दर पंधरा दिवसांनी केस कापणं, शनिवारचे पांढरे बूट, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी डॉक्टर. उरतो तो रंग आणि उंची. रंगावरून मुलींना जे ऐकावं लागतं ते शिक्षकांच्या कानावर क्वचित येतं, कारण ते टोपणनावात लपलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत खेळाची जागा बहुतेक वेळा गॅदरिंगचा नाच घेतो. ग्रुप मुलींनीच जमवलेला, ड्रेस अमरावतीहून भाड्याने आणलेले. ज्या घरी ते भाडं निघत नाही ती मुलगी स्वतःच म्हणते, "मले नाही नाचाचं." आणि आपण ते खरं मानतो. नाचणाऱ्या ग्रुपचे फोटो वर्षभर फिरतात आणि पुढच्या वर्षी निवेदनालाही त्यांच्यातलीच एक उभी राहते.

वर्गाचा नकाशा कसा काढायचा

अंदाजावर काही करू नका. शिक्षकाचा अंदाज पुढच्या दोन रांगांबाबत बरा असतो, मधल्या मुलांबाबत फार चुकतो. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली मांडलेली एक सोपी पद्धत आहे. तिला कागद, पेन आणि एक तास पुरतो.

ऑगस्टच्या अखेरीस, वर्ग एकमेकांना ओळखू लागल्यावर, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर स्वतःचा हजेरी क्रमांक आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. पहिला प्रश्न : वर्गातल्या कोणत्या तिघांसोबत बसून डबा खायला तुला आवडेल? दुसरा : वर्गात कोणत्या तिघांचं जास्त चालतं? कोण आवडत नाही, हा प्रश्न चुकूनही विचारू नका. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना उत्तरं विचारतात, आणि ते नाव दिवसभर वर्गात फिरतं.

हे पाहणी म्हणून करू नका, बसण्याची जागा ठरवण्यासाठी करा आणि तसं मुलांना सांगा : "तुम्ही लिहिलेल्या तिघांपैकी निदान एक जण तुमच्या जवळ बसेल असं बघतो." मोरेनो यांचाही आग्रह होता की निवडीचा खरा परिणाम दिसला तरच मुलं खरं लिहितात. शब्द दिला तर तो पाळा, नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्यांवर गंमत येईल. चिठ्ठ्या शाळेत ठेवू नका, घरी न्या आणि स्टाफरूममध्ये त्यावर बोलू नका.

घरी चौकटीच्या वहीत हजेरी क्रमांक उभे आणि आडवे लिहा. कोणी कोणाला निवडलं त्या घरात खूण करा. दोघांनी एकमेकांना निवडलं असेल तर त्या खुणेभोवती गोल करा. शेवटी प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज करा, दोन प्रश्नांची वेगवेगळी. प्रत्येकाने तीन नावं दिली आहेत, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तीन मतं येतात. त्याच्याशी ताडून पाहिलं की वर्ग दिसायला लागतो. मुलं मुलांची आणि मुली मुलींची नावं लिहितात, तेव्हा दोन्ही हिशेब वेगळे वाचा.

एक वर्ग वाचून पाहू

समजण्यासाठी नववीचा एक काल्पनिक वर्ग घेऊ. ४० मुलं, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला १२० मतं. 'कोणाचं चालतं' या प्रश्नात पाच जणांनीच ७८ मतं घेतली. कबड्डीच्या कॅप्टनला २१, मोटरसायकलवर येणाऱ्या एका दुकानदाराच्या मुलाला १८, गॅदरिंगच्या नाचात पुढे असणाऱ्या मुलीला १६, मॉनिटरला १३ आणि सगळ्यांची टर उडवणाऱ्या एकाला १०.

आता त्याच पाच जणांची डब्याची मतं पाहा. कॅप्टनला ६, नाचणाऱ्या मुलीला ५, मॉनिटरला ३, मोटरसायकलवाल्याला २ आणि टर उडवणाऱ्याला १. दोन रकाने शेजारी ठेवले की पाच जण एकसारखे राहत नाहीत. कॅप्टन आणि ती मुलगी वजनदारही आहेत आणि आवडतेही. त्यांना विश्वासात घेऊन काम होऊ शकतं. मोटरसायकलवाल्याभोवती मुलं आहेत ती गाडीमुळे. त्याच्यासोबत बसावं असं फारसं कोणाला वाटत नाही, आणि बहुधा हे त्यालाही कळतं.

सगळ्यांत लक्ष ठेवायचं ते टर उडवणाऱ्यावर. तो वर्तुळाच्या काठावर आहे आणि आत राहण्यासाठी रोज कोणाला तरी खाली पाडणं त्याला भाग आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट फॅरिस आणि डायन फेल्मली यांनी शाळकरी मुलांचा असाच अभ्यास केला, तो २०११ मध्ये छापून आला. त्रास देण्याचं प्रमाण वर चढत जाणाऱ्या मुलांत वाढत जातं आणि अगदी टोकावर पोचलेल्यांत कमी होतं, असं त्यांना आढळलं. आपण शिक्षा करतो ती गँगच्या म्होरक्याला. चिडवणारा बहुतेक वेळा दुसऱ्या फळीतला असतो, आणि त्याला सर्वांसमोर रागावलं की त्याचं वजन आणखी वाढतं. त्याला बाजूला बोलवा आणि हसवण्याचं त्याचं कसब खपेल असं खरं काम द्या, उदाहरणार्थ गॅदरिंगच्या नाटुकल्यातली विनोदी भूमिका.

याच वर्गात एक शांत मुलगी आहे. तिचं चालतं असं कोणीच लिहिलेलं नाही, पण डब्यासाठी तिला ८ मतं आहेत, वर्गात सर्वांत जास्त. शिक्षकाच्या डोळ्यांत ती कधी भरली नव्हती. एकटी पडलेली मुलगी बसवायची असेल तर ती हिच्या बेंचवर.

आणि सहा जणांना डब्याचं एकही मत नाही. त्यातले चार जण एसटीने येणारे आहेत. इथे घाई करू नका. शून्य म्हणजे दुःखी असं नसतं. एखाद्याचा जिवलग शेजारच्या तुकडीत असतो किंवा गावातला असतो. त्या मुलाला सहज विचारा, "मधल्या सुट्टीत कोणासोबत असतोस?" उत्तर पटकन आलं तर काळजी नाही. 'कोणी नाही', 'मी वर्गातच बसतो', 'वाचनालयात जातो' असं आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर तो मुलगा तुमच्या यादीत वर घ्या. महिन्याभराने पुन्हा पाहा. चिठ्ठीच्या दिवशी वर्ग तापलेला असेल तर मतं तशीच येतात.

एक गोष्ट वेगळी काढून पाहायलाच हवी. शून्य मतांची मुलं एकाच वस्तीतली, एकाच जातीची निघाली, तर तो लोकप्रियतेचा प्रश्न नाही. तो भेदभाव आहे आणि बेंच बदलून सुटत नाही. आठवीपर्यंत पोषण आहाराची पंगत कशी बसते, पाणी कोण कोणाच्या हातून घेतं, टोपणनाव कोणत्या शब्दावरून पडलं आहे, हे स्वतः पाहा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

शाळेच्या हातातल्या चार जागा

पैसा, दिसणं आणि खेळ जिथे एकमेकांत बदलतात अशा शाळेतल्या चार जागा सांगतो. त्या शाळाच चालवते, म्हणून त्या बदलणं शाळेच्या हातात आहे.

पहिली जागा सरावाची वेळ. आठवड्यातले शारीरिक शिक्षणाचे दोन तास मधल्या सुट्टीला जोडून घ्या आणि निवडीचा सराव त्यातच ठेवा. संघ जाहीर करण्याआधी सगळ्या वर्गाची ५० मीटर धाव घड्याळ लावून घ्या आणि यादी फळ्यावर लावा. कौंडण्यपूरकडून एसटीने येणारा एखादा मुलगा त्यात वर येतो आणि वर्गाला प्रथमच त्याचं नाव कळतं. खेळ निवडतानाही विचार करा. क्रिकेटला सामान लागतं. खो-खोला दोन खांब आणि आखलेलं मैदान पुरतं, एका वेळी नऊ जण उतरतात, आणि लहान चणीचा, चपळ मुलगा तिथे उंच मुलाला भारी पडतो. ज्या शाळेत दोन्ही खेळ आहेत तिथे दोन वेगळे संघ, दोन वेगळे कॅप्टन होतात. तेवढ्याने वरची जागा वाटली जाते.

दुसरी जागा गॅदरिंग. ग्रुप मुलींनी जमवायचा नाही, शिक्षकांनी पाडायचा, आणि कपडे घरातलेच. भाड्याचे ड्रेस बंद केले की नाचायला येणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसेल. एखादी गोष्ट अशीही ठेवा जिच्यात वर्तुळाबाहेरचे पुढे येतील. तिवसा तालुक्याला त्यासाठी दूर जावं लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम मोझरीला आहे, आणि खंजिरीवर भजन म्हणणारी मुलं आजूबाजूच्या गावांत आहेत. शाळेचं खंजिरी भजनाचं पथक करून दुसऱ्या शाळांशी स्पर्धेला नेलं, तर कोलमन यांनी सांगितलेली गोष्ट इथे घडते : तो मुलगा एकटा जिंकत नाही, शाळा जिंकते. विज्ञान प्रदर्शन आणि प्रश्नमंजूषाही अशाच पाच जणांच्या संघाने पाठवा. एकट्या हुशाराला पाठवू नका.

तिसरी जागा वाढदिवस आणि सहल. वाढदिवसाला रंगीत कपडे आणि चॉकलेटं आली की कोणाच्या घरी काय आहे ते दर आठवड्याला वर्गासमोर मांडलं जातं. हे थांबवा. ज्याला द्यायचं आहे त्याने वाचनालयाला एक पुस्तक द्यावं आणि प्रार्थनेत सगळ्यांचा वाढदिवस सारखाच जाहीर व्हावा. सहलीला एसटीची निम्म्या भाड्याची सवलत असली, तरी मुक्कामाच्या सहलीला वर्गातली काही मुलं येत नाहीत. मग पुढचा महिनाभर वर्गातलं बोलणं सहलीचं असतं आणि न गेलेल्यांना त्यात तोंड घालता येत नाही. वर्षातून एक सहल अशी हवी जिला सगळा वर्ग येतो. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर त्यासाठी पुरेसं आहे.

चौथी जागा वर्गातलं गटकार्य. 'गट करा' म्हटलं की वर्तुळातले पाच एकत्र येतात आणि शेवटी दोघे-तिघे उरतात. ते उरणं सगळा वर्ग बघतो. म्हणून गट नेहमी तुम्हीच पाडा. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत एक पद्धत सुरू केली. तेव्हा तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायला प्रत्येकाचं ऐकावंच लागतं.

आपल्याकडे ४० मुलांचे पाचा-पाचांचे आठ गट करा आणि कौंडण्यपूरचा प्रकल्प द्या : नदी आणि पूर, रुक्मिणीची आख्यायिका, आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी, तिथली शेती आणि यात्रेतली बाजारपेठ. आठही गटांतले नदीवाले आधी एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात जाऊन सांगतात. त्या काठचा मुलगा नदीवाल्यांत ठेवा. त्याने पाहिलेला पूर बाकीच्या सात जणांना त्याच्याकडूनच ऐकावा लागेल. यात बिघडतं ते एका ठिकाणी : वजनदार मुलगा सगळ्यांच्या वतीने बोलायला लागतो. म्हणून गुण गटाला न देता, प्रत्येकाने दुसऱ्याच्या तुकड्यावरच्या प्रश्नांची उत्तरं किती बरोबर लिहिली यावर द्या. पहिल्या दोन वेळा गोंधळ होतो, तिसऱ्या वेळेपासून वर्गाला सवय होते.

घरच्यांसाठी

आई-बाबांकडे हा प्रश्न वस्तूच्या रूपाने येतो. "सगळ्यांकडे आहे, मलेच नाही." बूट, फोन, गाडी. घरात कापूस-सोयाबीनचा पैसा येतो तेव्हा दिवाळीच्या सुमाराला ही मागणी जोर धरते. मुलाचं म्हणणं खोटं नसतं. वस्तू आल्यावर काही दिवस त्याला खरंच आत घेतात. पण वस्तूवर मिळालेली जागा नवी वस्तू येईपर्यंतच टिकते. गाडीबाबत तर बोलूच नका. १८ वर्षांखालच्या मुलाने गुन्हा ठरेल अशी गाडी चालवली, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

त्यापेक्षा घरात एकच प्रश्न विचारा : "डबा कोणासोबत खाल्ला?" रोज एक नाव येत असेल, तेच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर वर्तुळ विसरा. एक पक्का मित्र असलेल्या मुलाला चिडवण्याचा त्रास कमी बाधतो. त्या एका मित्राला घरी बोलवा, त्याच्या आई-वडिलांशी ओळख करा, सुट्टीत त्याच्या गावी जाऊ द्या. नावच येत नसेल तर वर्गशिक्षकांना भेटा आणि "माझ्या मुलाला ग्रुपमध्ये घ्या" असं सांगू नका. "त्याला कोणाच्या शेजारी बसवता येईल?" असं विचारा. पहिल्या विनंतीने मुलाची अडचण वाढते, दुसरी शिक्षक त्याच दिवशी अमलात आणू शकतात.

शाळा बुडवणं, सकाळी पोटात दुखणं, जेवण तोडणं, चेहरा उजळ करायच्या क्रीमसाठी हट्ट, वह्यांवर लिहिलेलं टोपणनाव ही लक्षणं दोन-तीन आठवडे टिकली तर थांबू नका. चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

ज्यांचा मुलगा वर्तुळाच्या मधोमध आहे त्या घरांनाही एक सांगायचं आहे. अमेरिकेत जोसेफ अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी १३ वर्षांच्या मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ साली निष्कर्ष मांडले. लवकर मोठं दिसण्याची धडपड करणारी, दिसायला चांगले मित्र निवडून घेणारी, छोटे नियम मोडून भाव खाणारी मुलं आधी लोकप्रिय झाली. ते वजन दोन-चार वर्षांत उतरलं. बाविशी-तेविशीत त्यांच्यात दारू आणि नशेच्या अडचणी जास्त होत्या आणि मैत्री टिकवणं त्यांना जड जात होतं. तेव्हा मुलाला विचारा, "तुमच्या ग्रुपात कोणाची टर उडवता?" तो गप्प बसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

आणि वर्गशिक्षकांनो, या आठवड्यात एक साधं काम करा. एका कागदावर वर्गाचा मॉनिटर, संघांचे कॅप्टन, गेल्या गॅदरिंगचे निवेदक आणि नाचात पुढे असलेली मुलं यांची नावं लिहा. तीच पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा येत असतील, तर ती उतरंड मुलांनी एकट्यांनी रचलेली नाही, त्यात शाळेचाही हात आहे. पुढच्या नेमणुकीत एका मुलाकडे एकच पद द्या आणि सुटणारी पदं शून्य मतांच्या यादीतून भरायला सुरुवात करा.